[DECISION] म्हणजे ठरवायचं आहे की ठरलं आहे?

प्रश्न: मी अकरा जणांच्या टीमची लीड आहे. प्रत्येकाला रोज साठ-सत्तर मेल येतात आणि कामाचा मेल गर्दीत हरवतो. सोमवारी टीमला मेल पाठवून सांगणार आहे की यापुढे विषयाच्या ओळीत सुरुवातीलाच [ACTION], [INFO] किंवा [DECISION] लिहायचं. मसुद्यात एकेका ओळीत अर्थ दिलाय: काही करायचं असेल तर ॲक्शन, फक्त माहिती असेल तर इन्फो, निर्णयाबद्दल असेल तर डिसिजन. असंच काही आम्ही पूर्वी एकदा सुरू केलं होतं, ते महिनाभरात बंद पडलं. पाठवण्याआधी यात काय बदलू?

उत्तर: सगळ्यात आधी 'निर्णयाबद्दल असेल तर डिसिजन' हे वाक्य काढा. बाकीचा मसुदा डागडुजी करून चालेल, पण हे वाक्य तसंच गेलं तर पहिल्याच आठवड्यात घोळ होईल. तो कसा होतो ते मी जवळून पाहिलंय.

एका सॉफ्टवेअर प्रकल्पावर समन्वयाचं काम करत असताना आम्ही हेच तीन टॅग सुरू केले होते. चौथ्या की पाचव्या दिवशी एका तरुण सहकाऱ्याचा मेल आला, विषय होता '[DECISION] नव्या आवृत्तीची तारीख'. आत दुसऱ्या परिच्छेदात दोन तारखा होत्या, 14 आणि 21, आणि शेवटी 'कृपया कळवावे'. टूमध्ये सात जण होते. त्यातल्या तिघांनी टॅग वाचून समजून घेतलं की तारीख ठरली आहे. एकाने तर 14 ही आधी लिहिलेली म्हणून तीच धरून पुढची आखणी केली. उरलेले चौघे 'कोणीतरी सांगेल' म्हणून थांबले. आणि ज्यांना खरोखर तारीख ठरवायचा अधिकार होता ते सीसीमध्ये होते, कारण वरिष्ठांना थेट टूमध्ये घालून 'निर्णय द्या' म्हणणं त्या मुलाला उद्धटपणाचं वाटलं. वरिष्ठांनी मोबाइलवर विषय वाचला, सीसी पाहिलं आणि 'बरं, ठरलं वाटतं' म्हणून पुढे गेले. तिसऱ्या दिवशी टेस्टिंगवाल्यांनी विचारलं की नक्की कुठली तारीख धरायची, तेव्हा कळलं की काहीच ठरलेलं नाही.

यात कोणीही बेफिकीर नव्हतं. सगळ्यांनी मेल पाहिला होता, टॅगही वाचला होता. टॅगच दोन अर्थांचा होता. 'डिसिजन' हे नाम आहे, आणि नामाला काळ नसतो. 'ठरवा' आणि 'ठरलं' यांत जो फरक आहे तोच मेल वाचणाऱ्याला हवा असतो, आणि नाम नेमका तोच गिळून टाकतं. म्हणून तुमच्या मेलमध्ये अर्थ असा बांधून द्या: [DECISION] म्हणजे टूमधल्या माणसाने ठरवायचं आहे. ठरून गेलेली गोष्ट कळवायची असेल तर तो [INFO], आणि त्यानंतरचा पहिला शब्द 'ठरलं'. उदाहरणार्थ, '[INFO] ठरलं: नवी आवृत्ती 21 तारखेला'. चौथा टॅग काढायचा मोह होईल, तो टाळा. चार झाले की सहा होतात, आणि सहा टॅग कोणालाच आठवत नाहीत.

आता थोडं मराठीबद्दल, कारण तुमची टीम विषयाची ओळ मराठीत किंवा मराठी वळणाच्या इंग्रजीत लिहीत असणार. आपल्याला शाळेपासून विषय लिहायची सवय आहे ती 'बाबत'ची: रजेबाबत, अहवालाबाबत, तारखेबाबत. 'बाबत'ने संपणारी ओळ विषय सांगते, पण काय करायचं ते सांगत नाही. (गंमत म्हणजे उत्तराच्या मेलला आपोआप लागणारं `Re:` हेसुद्धा मुळात 'बाबत'च आहे. ई-मेलच्या मानकात ते लॅटिन 'इन रे'चं लघुरूप म्हणून दिलंय, अर्थ 'या बाबतीत'. म्हणजे 'Re: तारखेबाबत' यात बाबत दोनदा येतं आणि क्रियापद एकदाही नाही.)

'बाबत' सोडून क्रियापद लिहिलं तरी एक अडचण राहते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि मोबाइलच्या यादीत विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. 'तिमाही अहवालातल्या तिसऱ्या भागातले आकडे गुरुवारपर्यंत तपासून द्या' या ओळीतला 'तपासून द्या' हा भाग मोबाइलवर हमखास कापला जातो. उरतो तो 'तिमाही अहवालातल्या तिसऱ्या भागातले...', म्हणजे पुन्हा एक 'बाबत'च. मराठी विषयाच्या ओळीत टॅगचा खरा उपयोग इथे आहे. तो शेवटचं क्रियापद उचलून पुढे आणतो. टीमला टॅग शिकवताना मी हेच सांगतो: ॲक्शन म्हणजे 'करा', डिसिजन म्हणजे 'ठरवा', इन्फो म्हणजे 'नुसतं माहीत असू द्या'. मनात क्रियापद म्हणून वाचला की टॅग चुकत नाही.

तुमच्या मसुद्यात दुसरी मोठी उणीव आहे ती 'कोणी' या प्रश्नाची. माझ्या मते मागच्या वेळी तुमची पद्धत बंद पडली ती याच कारणाने असण्याची शक्यता जास्त आहे.

ॲक्शन आणि इन्फो ही जोडी ई-मेलच्याही आधीची आहे. लष्करी संदेशांमध्ये ती पूर्वीपासून वापरतात. पण तिथे हे शब्द संदेशाला चिकटलेले नसतात, पत्त्याला चिकटलेले असतात. कुठल्या ठाण्याने कृती करायची आणि कुठल्या ठाण्याला फक्त माहिती, अशा दोन वेगळ्या याद्या संदेशाच्या माथ्यावर असतात. एकच संदेश एकासाठी ॲक्शन आणि दुसऱ्यासाठी इन्फो असू शकतो, आणि बहुतेकदा असतोच. आपण हे शब्द उचलून विषयाच्या ओळीत आणले तेव्हा हा भाग गळून पडला. विषय सगळ्यांना एकच दिसतो. आठ जणांना गेलेल्या मेलवर [ACTION] लिहिलं तर तो आठही जणांना ॲक्शन दिसतो, करायचं मात्र एकालाच असतं. उरलेले सात जण दोन-चार वेळा मेल उघडून पाहतात, आपल्यासाठी काही नाही असं कळतं, आणि पुढच्या वेळी टॅगकडे दुर्लक्ष करायला शिकतात. आपल्याकडच्या सरकारी पत्रांत खाली 'प्रत: माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी' लिहितात ना, त्याचंही हेच झालंय. माहिती आणि कार्यवाही एकत्र लिहिल्यामुळे प्रत मिळालेला प्रत्येकजण ती माहितीच समजतो.

यावर उपाय साधा आहे, आणि त्यासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही. दोन नियम पुरतात. पहिला, टॅग फक्त टूमधल्या लोकांना लागू. सीसीमध्ये असलेल्या माणसाने कुठलाही टॅग इन्फो म्हणूनच वाचायचा, आणि त्याने काही केलं नाही म्हणून त्याला कोणी विचारायचं नाही. दुसरा, ॲक्शन आणि डिसिजनच्या मेलमध्ये टॅगनंतर लगेच एका माणसाचं नाव आणि वार. दोघांनी काम करायचं असेल तर दोन मेल, किंवा एकाचं नाव विषयात आणि त्याने दुसऱ्याला धरायचं. 'सर्वांनी' हे नाव नाही. अकराही जणांकडून खरोखर काही हवं असेल, समजा प्रत्येकाने सुट्ट्यांचा तक्ता भरायचा आहे, तर ते मेलवर मागूच नका. ते बैठकीत तोंडावर भरून घ्या, पाच मिनिटांत होतं.

नमुन्यादाखल मी आमच्याकडचे काही जुने विषय बदलून दाखवतो. नावांच्या जागी भूमिका लिहितोय, तुम्ही नावच लिहा.

'तिमाही अहवालाबाबत' याचं झालं '[ACTION] टेस्टिंग, गुरु 4 वा: अहवालाचा भाग 3 तपासून द्या'. टॅग, नाव, वेळ हे तिन्ही कापायच्या आत दिसतात. पुढचं कापलं गेलं तरी टेस्टिंगच्या माणसाला कळतं की हा मेल त्याने आज उघडायला हवा, आणि बाकीच्यांना कळतं की त्यांनी नाही उघडला तरी चालेल.

'नव्या आवृत्तीची तारीख', म्हणजे वर सांगितलेला तो मेल, असा व्हायला हवा होता: '[DECISION] प्रॉडक्ट, बुध 3 वा: आवृत्ती 14 की 21? (आमचं मत 21)'. प्रॉडक्टचे प्रमुख टूमध्ये, बाकी सगळे सीसीत. मेलच्या पहिल्या दोन ओळींत दोन्ही पर्याय आणि प्रत्येकाची किंमत: 14 ला गेलो तर दोन किरकोळ दोष तसेच जातील, 21 ला गेलो तर ग्राहकाचं प्रशिक्षण आठवडाभर पुढे जाईल. मग एक ओळ: 'बुधवारी 3 पर्यंत उत्तर आलं नाही तर 21 धरून कामाला लागतो.'

या शेवटच्या ओळीमुळे निर्णयाचे मेल लोंबकळत नाहीत, पण ती जपून वापरावी लागते. मौन म्हणजे संमती हे फक्त अशाच ठिकाणी धरा जिथे चुकलं तर परत फिरता येतं. तारीख, रचना, क्रम, नाव यांना चालतं. पैसे खर्च होणार असतील, ग्राहकाला शब्द द्यायचा असेल किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या कामाची जबाबदारी बदलणार असेल, तर उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि ते येत नसेल तर उठून जाऊन किंवा फोन करून विचारायचं. हे मेलमध्ये स्पष्ट लिहा. नाहीतर एखादा उत्साही माणूस 'उत्तर नाही आलं, म्हणून मी ऑर्डर देऊन टाकली' असं एक दिवस सांगेल.

इन्फोकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, कारण तो निरुपद्रवी वाटतो. मला तो सगळ्यात नाजूक टॅग वाटतो. [INFO] हे लिहिणाऱ्याने दिलेलं वचन आहे: हा मेल तुम्ही आज, किंवा या आठवड्यात, वाचला नाही तरी तुमचं काही अडणार नाही. आणि हे वचन मोडणारा बहुतेक वेळा टीम लीडच असतो. '[INFO] नवी रजा पद्धत' असा मेल, आत चार परिच्छेद धोरण, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'तरी सर्वांनी शुक्रवारपर्यंत आपले दिवस नोंदवावेत'. लिहिणाऱ्याच्या मते मेल माहितीचाच होता, नोंदणी जाता जाता सांगितली. पण शुक्रवारी ज्याचे दिवस नोंदले गेले नाहीत, त्याला एक धडा मिळाला: इन्फोचे मेलही उघडावे लागतात. त्या क्षणापासून त्याच्यापुरता टॅगचा उपयोग शून्य. एकदा फसलेला माणूस पुन्हा सगळे मेल उघडतो, आणि मग टॅग लिहिण्याचे कष्ट फुकट. म्हणून तुमच्या मसुद्यात इन्फोची व्याख्या 'फक्त माहिती असेल तर' अशी न ठेवता 'न वाचल्याने कोणाचं काही अडणार नसेल तर' अशी करा. पहिली व्याख्या मेलच्या मजकुराबद्दल बोलते, दुसरी वाचणाऱ्याबद्दल. एका मेलमध्ये माहिती आणि काम दोन्ही असेल तर टॅग कामाचाच.

टॅग न लावलेल्या मेलचं काय, हे तुमच्या मसुद्यात नाही. सक्ती करू नका. सक्ती केली की घाईत असलेला माणूस हाताला येईल तो टॅग लावतो, आणि चुकीचा टॅग हा टॅग नसण्यापेक्षा जास्त महाग पडतो. टॅग नसलेला मेल म्हणजे नेहमीचा मेल, नेहमीसारखा वाचायचा. ग्राहकांना आणि बाहेरच्यांना जाणाऱ्या मेलवर टॅग लावायचा नाही, हेही लिहा. ज्याला पद्धत माहीत नाही त्याला मोठ्या अक्षरांतला [ACTION] हुकूम सोडल्यासारखा वाटतो.

तातडीचा, म्हणजे [URGENT] असा टॅग कोणीतरी नक्की सुचवेल. नाही म्हणा. मेल प्रोग्राममध्ये लाल उद्गारचिन्ह वर्षानुवर्षं आहे, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे: लिहिणाऱ्याची घाई ही वाचणाऱ्याची घाई नसते, त्यामुळे ते चिन्ह आता कोणी पाहतही नाही. तासाभरात हवं असेल तर फोन.

मग उत्तरांचा प्रश्न येतो, आणि तो बहुतेकांना सुरू केल्यावरच लक्षात येतो. सकाळी एक [ACTION] मेल गेला की दुपारपर्यंत त्याला 'बघतो', 'धन्यवाद', 'मीही आहे का यात?' अशी सात-आठ उत्तरं येतात, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तोच [ACTION] असतो. दोन दिवसांत पेटी ॲक्शनने भरून जाते, आणि त्यातली खरी कामं एक-दोनच. इथे लोक साहजिकच सुचवतात की उत्तर देताना टॅग बदलायचा, काम झालं की [DONE] करायचं. ते करू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटून नवं सुरू होतं, आणि मग अर्धी चर्चा एकीकडे, अर्धी दुसरीकडे. मेलच्या सर्व्हरसाठी 2008 साली आलेल्या आरएफसी 5256 या मानकात मात्र उलट आहे: मेल विषयावरून एकत्र लावताना सुरुवातीचा चौकटी कंसातला शब्द काढून टाकायचा असं त्यात सांगितलंय. म्हणजे एका प्रोग्राममध्ये तुटणारं संभाषण दुसऱ्यात जोडलेलं राहील. टीममध्ये कोण कशावर मेल वाचतं याचा तुम्हाला भरवसा नसेल, तर सुरक्षित नियम हा: टॅग पहिल्या मेलचा, उत्तरात कोणी तो बदलत नाही, आणि `Re:` असलेल्या ओळीतला टॅग कोणी वाचत नाही. चर्चेतून नवं काम निघालं तर त्या कामाचा नवा मेल, नव्या टॅगने, नव्या नावाने. 'धन्यवाद'चे मेल बंद करायला सांगितलं तर तेही हळूहळू कमी होतात, पण त्यावर भांडू नका.

सोमवारी पाठवण्याआधी एक चाचणी करा. अर्धा तास लागतो. तुमच्या पेटीतले टीममधून आलेले शेवटचे तीस मेल घ्या, आणि टीममधल्या एका सहकाऱ्याला तेच तीस दाखवा. दोघांनी एकमेकांना न विचारता प्रत्येकाला तीनपैकी एक टॅग लावायचा किंवा 'टॅग नको' लिहायचं. मग याद्या शेजारी ठेवा. आम्ही हे केलं तेव्हा अकरा मेलवर आमचं जुळलं नाही. त्यातले सहा डिसिजनचे होते, जे एकाला 'ठरवा' आणि दुसऱ्याला 'ठरलं' वाटले. चार इन्फोच्या पोटात दडलेल्या कामांचे. एक मेल इतका गोंधळलेला होता की लिहिणाऱ्यालाच विचारावं लागलं. व्याख्या दुरुस्त करून दुसरे तीस मेल घेतले, तेव्हा फरक चारवर आला. पाचाच्या आत आला की पुरे. पूर्ण जुळणार नाही, आणि जुळवायच्या नादात व्याख्या पानभर लांबतात.

याच तीस मेलमधून आणखी एक गोष्ट कळेल, ती कदाचित आवडणार नाही. तुमच्या साठ-सत्तर मेलपैकी टीममधल्या माणसांनी स्वतः लिहिलेले किती, तेही मोजा. आमच्याकडे ते निम्म्याहूनही कमी भरले. बाकी सिस्टीममधून आपोआप येणाऱ्या सूचना, ग्राहक, इतर विभाग. टॅग त्या मेलना लागत नाहीत, म्हणजे तुमच्या गर्दीचा मोठा भाग या पद्धतीने हलणारच नाही. आपोआप येणाऱ्या सूचना एका नियमाने वेगळ्या फोल्डरमध्ये वळवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते आधी करा, मग टॅगचा फरक डोळ्यांना दिसेल.

नियमांवरून आठवलं. टीममधले हुशार लोक पहिल्याच दिवशी [INFO] आपोआप बाजूला टाकणारा नियम बनवतील. पहिले तीन आठवडे हे थांबवा. त्या काळात लोक टॅग चुकवतात, आणि चुकलेला इन्फो फोल्डरमध्ये गेला की तो कोणालाच दिसत नाही. आधी नुसता रंग द्या, हलवू नका. आउटलुकमध्ये दृश्याच्या सेटिंगमधून विषयातल्या शब्दावरून ओळीचा रंग बदलता येतो, जीमेलमध्ये लेबल लावता येतं. जीमेलचा फिल्टर बनवताना एक खाच आहे: त्याचा शोध चौकटी कंस पाहतच नाही. [ACTION] शोधलं तरी तो नुसता action हा शब्द शोधतो, आणि 'Corrective action plan' असा विषयही पकडतो. सीसीतले मेल वगळून शोधायचं असेल तर असं:

```
subject:ACTION -cc:me
```

तुमच्याकडे action हा शब्द विषयात एरवीही वारंवार येत असेल, तर टॅगसाठी थोडा वेगळा, इतरत्र न येणारा शब्द निवडा. टॅग मराठीत ठेवायचा विचार असेल तर 'करा', 'ठरवा', 'माहिती' हे मला 'ॲक्शन'पेक्षा बरे वाटतात, आणि त्याचं कारण भाषाभिमान नव्हे. देवनागरीत 'ॲक्शन'चं पहिलं अक्षर दोन-तीन प्रकारे टाइप होतं: काही कीबोर्डवर ॲ हे एकच अक्षर उमटतं, काहींवर अ आणि त्यावर वेगळा चंद्र, काहीजण ऍ लिहितात. डोळ्यांना पहिले दोन एकच दिसतात, पण कम्प्युटरला ती वेगळी अक्षरं आहेत, आणि फिल्टर त्यातलं एकच पकडतो. लिपी एकच ठरवा, अर्धे रोमन अर्धे देवनागरी नको.

राहिला वरिष्ठांना टॅग लावण्याचा संकोच. वर सांगितलेल्या गोष्टीतला मुलगा चुकला तो यामुळेच. याला नियम पुरत नाही, तुम्ही स्वतः मागावं लागतं. मेलमध्ये लिहा की 'मलाही [ACTION] आणि [DECISION] लिहा, माझं नाव आणि वार टाकून', आणि पहिला जो असा मेल येईल त्याला वेळेत उत्तर द्या. वरच्या साहेबांना हुकमी क्रियापद नकोसं वाटत असेल तर प्रश्नाचा आकार चालतो: 'आवृत्ती 14 की 21?' यात कोणी कोणाला काही फर्मावत नाही, तरी उत्तर मागितलेलं असतं.

हे सगळं धरून सोमवारचा मेल मी असा लिहीन. तो स्वतःच निर्णयाचा मेल आहे, म्हणून टॅगही तोच. इथे नियमाला अपवाद करून सगळे टूमध्ये, कारण हरकत घ्यायचा हक्क सगळ्यांचा आहे.

> विषय: [DECISION] टीम, गुरु 5 वा: विषयात टॅग चार आठवडे वापरून पाहायचे?
>
> गुरुवारी 5 पर्यंत कोणाची हरकत आली नाही तर पुढच्या सोमवारपासून चार आठवडे आपण टीममधल्या मेलना हे तीन टॅग लावू.
>
> [ACTION]: टूमधल्या माणसाने काही करायचं आहे. पुढे नाव आणि वार.
> [DECISION]: टूमधल्या माणसाने ठरवायचं आहे. पुढे नाव, वार आणि पर्याय. ठरून गेलेलं असेल तर हा टॅग नाही.
> [INFO]: आठवडाभर वाचलं नाही तरी कोणाचं काही अडणार नाही. ठरलेली गोष्ट कळवताना 'ठरलं:' ने सुरुवात.
>
> सीसीमध्ये असाल तर कुठलाही टॅग तुमच्यासाठी इन्फो. उत्तर देताना टॅग बदलू नका, नवं काम निघालं तर नवा मेल. शंका असेल तर टॅग लावू नका, चालेल. बाहेरच्या मेलना टॅग नको. तासाभरात हवं असेल तर फोन करा.
>
> मलाही नाव आणि वार टाकून लिहा. माझ्या एखाद्या [INFO] मध्ये काम दडलेलं सापडलं तर मला लगेच सांगा.

अर्थ तीन ओळींतच आहेत, मोबाइलवर एका पडद्यात जवळजवळ मावतात. यात फायदे सांगणारा परिच्छेद नाही, मुद्दामच. गर्दी सगळ्यांनाच दिसते, ती समजावून सांगायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात कोणाचा टॅग चुकला तर सगळ्यांना उत्तर पाठवून दुरुस्त करू नका, त्या एकाला खासगीत सांगा. जाहीर दुरुस्ती झाली की बाकीचे टॅग लावणंच सोडतात, कारण न लावणं चुकत नाही.

चार आठवड्यांनी पाहायचं ते दोनच गोष्टींकडे. एक, शेवटच्या आठवड्यातले [ACTION] मेल काढून किती मेलमध्ये एकच नाव आणि वार आहे ते मोजा. नाव गळायला लागलं असेल तर टॅग शोभेपुरता उरलाय. दोन, टीममधल्या दोघा-तिघांना विचारा की इन्फोचे मेल ते लगेच उघडतात का. 'हो, उगाच काही राहायला नको म्हणून' असं उत्तर आलं, तर तुमच्या कुठल्यातरी इन्फोमध्ये काम लपलं होतं. तो मेल शोधा, बहुतेक तुमचाच निघेल. त्या मेलचा विषय सगळ्यांसमोर [ACTION] करून दाखवा, आणि आणखी चार आठवडे चालू ठेवा. पहिल्या मोजणीत निम्म्याहून अधिक मेल नावाशिवाय निघाले, तर [INFO] आणि [ACTION] सोडून द्या आणि एकटा [DECISION] ठेवा. मी दोन टीममध्ये शेवटी तेवढंच केलं, आणि तिथे तो अजून चालू आहे.